पहिली भेट दिवसा, कमी खर्चात, पण दोघांच्या वेळा जुळेनात: चॅटवर नेमकं काय सुचवू?

बँकवाला_डोंबिवली
नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत राहतो, ठाण्यातल्या एका बँकेत नोकरी. एका मुलीशी महिनाभर चॅटवर छान बोलणं चाललंय. ती परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि वसईला राहते. भेटायचं दोघांच्याही मनात आहे, पण गाडी पुढे सरकत नाही. मी विचारतो, "कधी फ्री आहेस?" ती म्हणते, "ड्युटी बघून सांगते." मग तीन दिवसांनी मी पुन्हा तेच विचारतो.

तिने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्यात. भेट दिवसा हवी, कारण रात्री उशिरा वसईची लोकल तिला नको. आणि पहिल्याच भेटीत महागड्या कॅफेत पैसे घालवायचे नाहीत. मलाही ते पटतं, घराचा हप्ता चालू आहे. मला रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते. तिची सुट्टी दर आठवड्याला बदलते.

कुठे भेटावं हे तर सांगाच, पण त्याहून जास्त हे सांगा की चॅटवर कसं मांडू, म्हणजे तिला "बघते" म्हणावं लागणार नाही.

अर्धाकप
सोपं आहे. रविवारी दुपारी मरीन ड्राइव्ह. फुकट, समुद्र, वर भेळ. झालं काम.

भटक्या_दादर
@अर्धाकप, दुपारी एक वाजता मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून बघा एकदा. उन्हात दगड तापतो, पावसात आडोसा नाही आणि जवळपास स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं. ती संध्याकाळची जागा आहे. शिवाय रविवारी मेगाब्लॉक. डोंबिवलीहून निघालेला माणूस वेळेवर पोचेलच याची खात्री कोण देणार?

अर्धाकप
मेगाब्लॉक फक्त मध्य रेल्वेवर असतो हो. ती पश्चिमची आहे, तिला काय फरक पडतो? आणि ब्लॉकमध्ये गाड्या बंदच असतात, म्हणजे हा घरीच बसणार 😀

भटक्या_दादर
दोन्ही अर्धवट बरोबर. ब्लॉक पश्चिम रेल्वेवरही घेतात, त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. आणि मुख्य मार्गावर गाड्या सहसा बंद नसतात, एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवतात. साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. म्हणजे दिवसाच्या भेटीसाठी जी वेळ सोयीची, नेमकी तीच.

माटुंगा ते मुलुंड धिम्या मार्गावर ब्लॉक असला की धिम्या गाड्या जलद मार्गावरून जातात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाहीत. हार्बरवर मात्र गाड्या खरोखर रद्द होतात. त्यामुळे रविवारचं काही ठरवायचं असेल तर आधी ब्लॉकची घोषणा बघा, ती एक-दोन दिवस आधी येते. रविवारी भेटूच नका असं मी म्हणत नाही, पण पहिल्या भेटीला एक जण पाऊण तास उशिरा आणि घामाघूम, हे टाळता येत असेल तर टाळावं.

नानाकाका
अभिनंदन! मुलाकडच्यांनी आधी फोन करून मुलीच्या वडिलांची वेळ घ्यावी हे उत्तम. दिवसाच कार्यक्रम असेल तर अकराचा ठेवा, पोह्यांची वेळ साधते. पत्रिका आणि बायोडेटाची प्रत सोबत असू द्या.

बँकवाला_डोंबिवली
काका, तो कार्यक्रम नाही हो हा. अजून आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. आई-बाबा पुढच्या पायरीला.

नानाकाका
बरं बरं. मग पोहे बाहेर खा. पण खाच काहीतरी, उपाशीपोटी माणूस चिडका वाटतो.

सिस्टर_इन_चार्ज
काकांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवा, त्यावर येतेच.

मी बरीच वर्षं वॉर्डमध्ये आहे आणि रोस्टरही बनवते. मुला, तुझा प्रश्नच चुकतोय. "कधी फ्री आहेस?" याला आमच्याकडे उत्तर नसतं, कारण पुढच्या आठवड्याची ड्युटी लागेपर्यंत आम्हालाच माहीत नसतं. ती टाळत नाहीये, तिच्या हातात कागद नाहीये. त्याऐवजी विचार, "तुमचं रोस्टर कोणत्या दिवशी लागतं?" याचं उत्तर ती दोन सेकंदांत देईल. बहुतेक ठिकाणी वार ठरलेला असतो. रोस्टर लागलं की त्याच संध्याकाळी तू नेमका बेत पाठव.

आता पाळ्यांचं. मॉर्निंग असेल तर साधारण सात ते दोन. इव्हनिंग म्हणजे दोन ते आठ-नऊ. नाइट म्हणजे रात्रभर. लोकांना वाटतं नाइट झाली की दुसरा दिवस मोकळा. तो मोकळा नसतो, तो झोपेचा असतो. नाइट करून सकाळी घरी पोचलेल्या मुलीला "दुपारी एकला भेटू" म्हणू नकोस. ती येईलही, पण निम्मं बोलणं तिच्या डोक्यात शिरणार नाही. इव्हनिंगच्या आधी सकाळी भेटायचं म्हटलं तर तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे. म्हणून आमच्याकडच्या मुलींना सोयीचं काय, तर सुट्टीचा दिवस किंवा मॉर्निंग संपल्यानंतरची दुपार.

आणि मॉर्निंग दोनला संपते म्हणजे माणूस दोनला बाहेर पडत नाही. पुढच्या पाळीला एकेका पेशंटचं हँडओव्हर द्यायचं, नोंदी पुऱ्या करायच्या, कपडे बदलायचे. अडीच होतातच, कधी पावणेतीन. पोटात सकाळचा चहा आणि मिळालंच तर एखादी इडली. पाय बोलत असतात. तेव्हा तिला भेटल्या-भेटल्या चालायला नेऊ नकोस. आधी बसव, खायला मिळू दे.

बँकवाला_डोंबिवली
ताई, खूप आभार. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आत्ताच विचारलं, रोस्टर गुरुवारी लागतं म्हणाली. आणि वर स्वतःहून लिहिलं, "हे कुणी विचारत नाही" 🙂

अर्धाकप
सुट्टीच्या दिवशीच भेटायचं तर राणीची बाग बघा. मोठ्यांना ५० रुपये तिकीट, झाडी आहे, पेंग्विन आहेत. भायखळा परळपासून जवळ. शंभर रुपयांत दोघांचं होतं.

वसईची_पोर
तिची सुट्टी बुधवारी आली तर? बुधवारी राणीची बाग बंद असते. आमच्या ऑफिसातल्या एकीने असाच बुधवारचा बेत केला आणि दोघं फाटकाबाहेर उभं राहून ऊसाचा रस पिऊन परतले. (लग्न झालं त्यांचं नंतर, पण ते रसामुळे नाही.) आणि या मुलाला बुधवारी सुट्टी कुठून मिळणार? जुळणारे दिवस म्हणजे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार, एवढेच.

शनिवारी तिथे मुलांच्या सहलींची गर्दी. सात तास उभं राहून आलेल्या मुलीला आणखी दोन तास चालायचं, तेही धक्के खात. ताईंनी वर सांगितलंय तेच.

मुळामुठा
पुण्यात असता तर प्रश्नच नव्हता. एक जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी सोडली, तर दुपारी आमच्या बागाही झोपतात 😄 बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळीच उघड्या, मधे कुलूप. पु. ल. देशपांडे उद्यानाबाहेर भर दुपारी रिक्षातून उतरून परत फिरलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यामुळे कुठल्याही शहरात "बागेत भेटू" म्हणण्याआधी वेळ तपासा, एवढंच सांगतो.

भटक्या_दादर
@मुळामुठा, मुद्दा मुंबईलाही लागू आहे. महापालिकेच्या काही बागा दुपारी मधे बंद ठेवतात.

आता मूळ प्रश्नाकडे. जागा निवडताना आधी नकाशा नको, आधी तिचा पास बघा. वसईहून परळला जाणारी मुलगी बहुधा प्रभादेवी किंवा दादरपर्यंतचा पास काढत असणार. जागा तिच्या घरच्या वाटेवर असली की तिला वेगळा वेळही नको आणि वेगळं भाडंही जवळजवळ नको. मुलाला डोंबिवलीहून यायचंय, त्याला मध्य रेल्वे सोयीची. दोन्ही रेषा जिथे जवळ येतात तो पट्टा म्हणजे दादर-माटुंगा. माटुंगा स्टेशन मध्यवर, माटुंगा रोड पश्चिमवर, आणि दोन्हींना जोडणारा झेड ब्रिज पायी ओलांडता येतो.

माटुंगा पूर्वेला उडुपी हॉटेलं आहेत. स्टेशनबाहेर पडलं की राम आश्रय समोरच. दोन डोसे, दोन फिल्टर कॉफ्या, दोनशे-तीनशेच्या आसपास दोघांचं होतं. तोटा एकच, तिथे रेंगाळता येत नाही. बाहेर माणसं उभी असतात, कॉफीचा पेला रिकामा झाला की वेटर बिल आणून ठेवतो. त्या भागातली काही नावाजलेली हॉटेलं दुपारी अडीचच्या सुमारास दोनेक तास बंद असतात, तेही आधी बघा. पण खाऊन वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर पडायचं हे धरून चाललात तर काही बिघडत नाही. मग फाइव्ह गार्डन्सकडे सावकाश चालत जा. जुनी झाडं, रुंद पदपथ, मधे मधे बाकं, आजूबाजूला वस्ती. एकटं-दुकटं वाटत नाही आणि कुणी डोळे वटारतही नाही.

सिस्टर_इन_चार्ज
हा क्रम मला पटला. आधी खाणं, मग थोडं चालणं, मग बाक. उलटा असता तर मी नाही म्हटलं असतं.

वसईची_पोर
माझी एक भर. परत जायची वेळ आधीच सांगा. पाचनंतर दादरहून विरार फास्ट म्हणजे काय ते आम्हाला विचारा. शनिवारी थोडी कमी गर्दी, तरी साडेपाचनंतर डब्यात शिरणं अवघड होतं. "पावणेपाचला मी तुला दादरला सोडतो" असं लिहिलंत की तिचा जीव भांड्यात पडेल. मीही कुणाला पहिल्यांदा भेटायला गेले की संपायची वेळ ठरलेली हवी असते. भेट रंगली नाही तर उठायला निमित्त मिळतं, रंगली तर पुन्हा भेटायचं.

आणि सोडतो म्हणजे दादरपर्यंत. वसईपर्यंत सोबत येतो असं म्हणू नका. प्रेमानेच म्हणाल, पण पहिल्या भेटीत मुलीला ते जड जातं.

रुईया९८
मी जरा वेगळं बोलतो. एवढं सगळं चॅटवर कशाला? फोन लावा, दोन मिनिटांत ठरतं. आम्ही तर कॉलेजच्या फळ्यावर निरोप लिहायचो.

वसईची_पोर
फोनवर समोरच्याला लगेच हो-नाही सांगावं लागतं. तिला आईला विचारायचं असेल, मैत्रिणीशी ड्युटी बदलता येते का बघायचं असेल. मेसेज वाचून, विचार करून उत्तर देता येतं. शिवाय वेळ, जागा लिहिलेली राहते आणि मैत्रिणीला जशीच्या तशी पाठवता येते. मी तरी पाठवतेच.

रुईया९८
पाठवायचा मुद्दा बरोबर आहे. बाकी मला आवाज ऐकल्याशिवाय माणूस कळत नाही, हे माझं मत कायम.

बँकवाला_डोंबिवली
मंडळी, रोस्टर लागलं! या दुसऱ्या शनिवारी तिला मॉर्निंग, रविवारी सुट्टी. मी मेसेज लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. बघा बरं:

"हाय! शनिवारी किंवा रविवारी तुला जमेल तेव्हा, तुला आवडेल तिथे भेटूया का? मला काहीही चालेल. तू सांगशील तसं."

सिस्टर_इन_चार्ज
नको रे! सगळं काम परत तिच्यावरच टाकलंस. दिवस तिने ठरवायचा, जागा तिने शोधायची, वेळ तिने काढायची. ड्युटीवरून आलेल्या मुलीने हा मेसेज वाचला की ती मोबाइल बाजूला ठेवून झोपेल.

एक दिवस, एक जागा, सुरुवात, शेवट. सोबत एक पर्याय, दोन नकोत. आणि नाही म्हणायला मोकळी वाट.

भटक्या_दादर
वेळ सव्वातीनची ठेव. अडीचला निघाली तरी परळहून माटुंगा धिम्या लोकलने दोनच स्टेशनं, ती निवांत पोचेल. तू मात्र डोंबिवलीहून निघताना अर्धा तास हातात ठेव.

बँकवाला_डोंबिवली
दुसरा प्रयत्न:

"शनिवारी तुझी मॉर्निंग आहे ना, ड्युटी झाल्यावर माटुंग्याला भेटूया? सव्वातीनला माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला, राम आश्रयसमोर. आधी डोसा-कॉफी, मग जमलं तर फाइव्ह गार्डन्सपर्यंत चक्कर. पावणेपाचला दादर, म्हणजे तुला गर्दीच्या आधी गाडी मिळेल. हँडओव्हरला उशीर झाला तर काळजी करू नकोस, मी तिथेच आहे. त्या दिवशी फार दमशील असं वाटलं तर रविवारी सकाळी दहाला तिथेच. दोन्ही नको असेल तर पुढचं रोस्टर लागल्यावर बघू."

सिस्टर_इन_चार्ज
आता ठीक. फक्त "मी तिथेच आहे" ऐवजी "तू निघालीस की मेसेज टाक, मी तोवर आसपास फिरतो" असं लिही. आपल्यासाठी कुणी ताटकळत उभं आहे ही जाणीव हँडओव्हर देताना फार टोचते.

भटक्या_दादर
रविवारी दहा म्हणजे ब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचशील, परतताना सापडशील. पण तो त्रास तुझा, तिचा नाही, तेव्हा चालेल. रविवारी सकाळी हॉटेलांबाहेर रांग मात्र मोठी असते. शनिवारचाच धर.

अर्धाकप
आणि बिल कोण देणार? मुलानेच द्यावं, पहिली भेट आहे.

वसईची_पोर
तिनेच खर्च नको म्हटलंय ना? मग निम्मं-निम्मं.

रुईया९८
ज्याने बोलावलं त्याने द्यावं. पुढच्या वेळी दुसऱ्याने.

नानाकाका
वडीलधाऱ्याने द्यावं. म्हणजे मी आलो तर मी देईन.

सिस्टर_इन_चार्ज
😄 काका, तुम्ही येऊ नका. मला वाटतं हे चॅटवर ठरवूच नये, टेबलावर बघावं. पण तिने पाकीट काढलं तर हात धरून अडवू नकोस.

मुळामुठा
जुलै चालू आहे, पावसाचा विचार कुणी केला का?

भटक्या_दादर
करायलाच हवा. रिपरिप असेल तर किंग्ज सर्कलला पुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान आहे. डोक्यावर पूल असल्यामुळे भिजायला होत नाही. नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेत सुमारे ६०० मीटरची वाट आहे, बसायलाही जागा आहे. दुपारी ते कधी उघडतं तेवढं आधी बघून ठेव.

वसईची_पोर
तिथे दोन्ही बाजूंनी वाहनं धावत असतात. पहिल्या भेटीत "काय म्हणालीस?" असं दर वाक्याला विचारावं लागेल. मला नाही आवडणार.

भटक्या_दादर
मी तिथे रोज चालतो, मधल्या भागात बोलणं ऐकू येतं. पण हो, शांत नाही. पाऊस जोरात असेल तर मात्र तिकडे फिरकूच नका. किंग्ज सर्कल, गांधी मार्केट हा सखल भाग, जरा धो-धो कोसळला की पाणी तुंबतं. त्या दिवशी लोकलचाही भरवसा नाही. मग सरळ पुढे ढकला.

बँकवाला_डोंबिवली
पाठवला. वीस मिनिटांत उत्तर आलं! जसंच्या तसं टाकत नाही, पण सारांश: शनिवार चालेल, सव्वातीन नको, साडेतीन. फाइव्ह गार्डन्स आवडतं, शिकत असताना मैत्रिणींबरोबर जायची. कॉफी तिच्याकडून, डोसा माझ्याकडून. आणि शेवटी लिहिलंय, कुणी रजेवर गेलं तर आयत्या वेळी ड्युटी बदलू शकते, तर रागावू नकोस.

वसईची_पोर
बिलाचा प्रश्न तिनेच सोडवला बघा!

अर्धाकप
कॉफी स्वस्त, डोसा महाग. हुशार आहे 😀

खारघरकर
धागा उशिरा वाचला. माझीही अशीच अडचण आहे, पण दोघंही आयटीत. माझी दुपारी दोन ते अकरा, तिची सकाळी. जुळतं ते फक्त शनिवार-रविवार आणि दोघांनाही तेव्हा झोपायचं असतं. काही सुचवा.

सिस्टर_इन_चार्ज
@खारघरकर, तुमची अडचण वेगळी आहे, वेगळा धागा काढा, तिथे येते.

@बँकवाला, एक राहिलं. ड्युटीवर मोबाइल लॉकरमध्ये असतो. सकाळी सातच्या आधी तिने फोन ठेवला की दोननंतरच हातात येणार. पावसाचं काही कळवायचं असेल तर सकाळी साडेसहाच्या आत कळव. दुपारी बारा वाजता "पाऊस आहे, काय करूया?" असं पाठवून उत्तराची वाट बघत बसू नकोस.

बँकवाला_डोंबिवली
बरं झालं सांगितलंत, मी बाराच्या सुमारासच विचारणार होतो. तिला आत्ताच लिहितो की सकाळी साडेसहाला आभाळ बघून मी एक मेसेज टाकीन. जोराचा पाऊस असेल तर आपोआप पुढच्या रोस्टरवर, नाहीतर ठरल्याप्रमाणे साडेतीन.

भटक्या_दादर
आणि छत्री मोठी आण.